पाण्याच्या मीटरसाठी फिक्स्ड-पॉइंट लायब्ररी: प्रकल्प नोंदी

२ जून

मुलुंडच्या सोसायटीतून परत फोन आला. ओव्हरहेड टाकीच्या डाऊनटेक लाइनवर आपला अल्ट्रासोनिक मीटर बसवला आहे, त्याबद्दल सेक्रेटरींची तक्रार आहे. ते म्हणाले, "ताई, सकाळी आकडा पळतो तो ठीक आहे, पण दुपारी एकच नळ चालू असला की आकडा हलतच नाही. मी स्वतः गच्चीवर उभा राहून बघितलंय."

सेन्सर मात्र प्रवाह बरोबर दाखवतो. म्हणजे घोळ बेरजेत आहे. जुन्या फर्मवेअरमध्ये एकूण लिटर `float` मध्ये साठवले होते. `float` मध्ये २४ बिटांची अचूकता असते. आकडा ३२,७६८ च्या पुढे गेला की शेजारशेजारच्या दोन `float` संख्यांमधलं अंतर १/२५६, म्हणजे ०.००३९ लिटर होतं. आपण सेकंदाला १०० वेळा बेरीज करतो. एका नळाचा प्रवाह साधारण ०.१५ लिटर प्रति सेकंद, म्हणजे प्रत्येक वेळी मिळवायचे ०.००१५ लिटर. हे अंतराच्या निम्म्याहून कमी, म्हणून बेरीज परत जुन्याच संख्येवर येऊन बसते. नळ तासभर चालला तरी मीटरच्या लेखी पाणी गेलंच नाही. उलट प्रवाह ०.२५ असेल तर ०.००२५ चे वर जाऊन ०.००३९ होतात आणि मीटर दीडपटीहून जास्त मोजतो. सेक्रेटरींनी फक्त पहिली बाजू पाहिली आहे.

`double` वापरला तर बेरीज सुटेल. पण चिप STM32F030F4 आहे, आत कॉर्टेक्स-एम० कोर, फ्लॅश १६ किलोबाइट, रॅम ४. फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नाही, म्हणून प्रत्येक `double` गुणाकार-बेरीज सॉफ्टवेअरने होते आणि ती फंक्शनं फ्लॅशचा मोठा घास घेतात. तसंही आपल्याला पुढे हाच कोड फ्लॅटनिहाय छोट्या मीटरमध्ये वापरायचा आहे. फिक्स्ड-पॉइंट लायब्ररी स्वतः लिहायची ठरली.

५ जून

स्वरूप `Q16.16`. ३२ बिटांच्या पूर्णांकात वरचे १६ बिट पूर्ण भाग, खालचे १६ अपूर्णांक. १.० म्हणजे आत ६५,५३६. सर्वांत लहान एकक १/६५,५३६. त्याला या नोंदींत मी "पायरी" म्हणणार आहे, कारण पुढे सगळा हिशोब त्यातच होईल असं दिसतंय. प्रवाहाला हे पुरेसं आहे. एकूण लिटरांना नाही, कारण ३२,७६७ च्या वर `Q16.16` संपतं आणि ही सोसायटी एका दिवसात ४६ हजार लिटर वापरते. म्हणून बेरीज `int64_t` मध्ये, पायऱ्यांच्याच एककात.

बेरीज-वजाबाकी साध्या पूर्णांकांची. गुणाकारात मात्र दोन्हीकडचे १६-१६ बिट मिळून ३२ अपूर्णांक बिट होतात, त्यातले १६ काढून टाकावे लागतात:

```c
static inline int32_t q16_mul(int32_t a, int32_t b)
{
    return (int32_t)(((int64_t)a * b) >> 16);
}
```

एम० वर अडचण अशी की `MULS` सूचना ३२ बिट गुणिले ३२ बिट करते आणि उत्तराचे फक्त खालचे ३२ बिट देते. वरचे देणारी सूचनाच नाही. म्हणून कंपायलर ६४ बिटांच्या गुणाकारासाठी `__aeabi_lmul` ला हाक मारतो. सध्या चालू दे. आधी उत्तर बरोबर येऊ दे.

९ जून

दोन गोष्टी पक्क्या केल्या. ऋण संख्येचा उजवीकडे शिफ्ट सी भाषेच्या मानकानुसार कंपायलरवर सोडलेला आहे. जीसीसी चिन्ह राखूनच शिफ्ट करतो, पण गृहीत धरण्यापेक्षा कोडमध्येच तपासणी ठेवली:

```c
_Static_assert((-1 >> 1) == -1, "arithmetic shift");
```

दुसरी गोष्ट चाचणीची. लॅपटॉपवर `double` ने उत्तर काढून तुलना करत होते आणि मोठ्या संख्यांना अधूनमधून फरक दिसत होता. दोष लायब्ररीत नव्हता. दोन ३२ बिट संख्यांच्या गुणाकाराला ६२-६३ बिट लागतात आणि `double` मध्ये ५३ च आहेत. म्हणजे खरं-खोटं करायला घेतलेला मापच अपुरा होता. आता तुलना पूर्णांकांनीच होते.

१३ जून

काल रात्री नवीन फर्मवेअर मुलुंडला चढवलं. दुपारी एका नळावर आकडा पुढे सरकतो, सेक्रेटरींनी समोर उभं राहून खात्री केली. पण सकाळचा लॉग बघून मी अस्वस्थ आहे.

रात्री १२ ते ५ वॉचमन टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवतो. त्या पाच तासांत एकूण आकडा १३.७ लिटरने मागे गेला आहे. एका झटक्यात नाही, सरळ रेषेत, तासाला २.७५ लिटर. पाणी उलटं टाकीत चढणार नाही.

पहिला संशय शून्याच्या ऑफसेटवर. पण बसवताना व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटांची सरासरी काढून शून्य लावलं होतं. लॉगमधले कच्चे प्रवाह लॅपटॉपवर नुसते बेरजेला घेतले तर पाच तासांची सरासरी एक पायरीही भरत नाही, आणि एका पायरीच्या ऑफसेटने तासाला फक्त ०.०५५ लिटर सरकेल. पन्नासपट फरक आहे. म्हणजे येणारा प्रवाह शून्याभोवती समतोल आहे आणि आपला गुणाकार त्यातून ऋण बेरीज बनवतो आहे.

१४ जून

सापडलं. वहीत दोन ओळी लिहिल्या आणि डोळ्यांसमोर आलं.

वेळ `dt` म्हणजे ०.०१ सेकंद, `Q16.16` मध्ये ६५५. समजा गोंगाटामुळे प्रवाह +७ पायऱ्या आला. ७ × ६५५ = ४,५८५. १६ बिट उजवीकडे सरकवले की ०. पुढच्या वेळी −७ आला. −४,५८५ सरकवले की ० नाही, −१. शिफ्ट कधीच शून्याकडे येत नाही, नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो. +७ आणि −७ यांची बेरीज शून्य व्हायला हवी, ती −१ झाली. दोन वेळांत एक पायरी गेली, म्हणजे प्रत्येक वेळी सरासरी अर्धी.

अर्धी पायरी × १०० वेळा × ३,६०० सेकंद, भागिले ६५,५३६. उत्तर २.७५ लिटर. लॉगमधला आकडा तंतोतंत.

आणि हे फक्त रात्री नाही. दिवसा प्रवाह असतानाही प्रत्येक गुणाकार सरासरी अर्धी पायरी खातो. फक्त तेव्हा हजारो लिटरांच्या पोटात ते दिसत नाही. दिवसाला ६६ लिटर.

१६ जून

साकीनाक्याच्या गाळ्यात पाणी भरून दोन्ही तोंडं बंद केलेला पाइप टेबलावर ठेवला आणि खात्री केली. कारण गुणाकारातलं असेल तर सरकण्याचा वेग फक्त सेकंदाला किती वेळा गुणतो त्यावर अवलंबून हवा. खरी गळती किंवा ऑफसेट असेल तर त्याला आपल्या मोजणीच्या वेगाशी देणंघेणं नाही. १०० चे ५० केले, `dt` दुप्पट केला. सरकणं तासाला २.७५ वरून १.३७ वर आलं. शंका उरली नाही.

हार्डवेअर बघणारे काका म्हणाले, "अगं, एवढं कशाला? ठरावीक प्रवाहाच्या खाली शून्य धर. सगळे मीटरवाले तेच करतात." लो-फ्लो कटऑफ आपणही लावणारच आहोत, पण तो आत्ता लावला तर रात्रीचं लक्षण झाकलं जाईल आणि दिवसाचा दोष तसाच राहील. मला ते नको आहे. रात्रीचा व्हॉल्व्ह बंद असतो तीच आपली सगळ्यात स्वस्त आणि कडक चाचणी आहे.

काकांचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता: ४६ हजारांत ६६ लिटर म्हणजे ०.१४ टक्का, सेन्सरचीच चूक त्याहून मोठी आहे. खरं आहे. पण सेन्सरची ती चूक प्रवाहाच्या प्रमाणात असते, ही घड्याळाच्या प्रमाणात आहे. हाच कोड एका फ्लॅटच्या मीटरमध्ये गेला आणि तिथे दिवसाचा वापर ४०० लिटर असला, तर त्यातले ६६ गायब. १६ टक्के. त्या आकड्यावर कोणाचं तरी बिल ठरणार आहे. हे ऐकल्यावर काकांनी मान डोलावली आणि पाइपला दुसरा क्लॅम्प लावून दिला.

१८ जून

पहिला उपाय सरळ आहे: शिफ्ट करण्याआधी अर्धी पायरी मिळवायची. त्याच हातासरशी `__aeabi_lmul` लाही निरोप दिला. संख्या १६-१६ बिटांच्या दोन तुकड्यांत फोडली की प्रत्येक तुकड्याचा गुणाकार ३२ बिटांत मावतो आणि `MULS` ला पेलतो:

```c
static inline int32_t q16_mul(int32_t a, int32_t b)
{
    uint32_t ah = (uint32_t)(a >> 16), al = (uint32_t)a & 0xFFFFu;
    uint32_t bh = (uint32_t)(b >> 16), bl = (uint32_t)b & 0xFFFFu;
    return (int32_t)(((ah * bh) << 16) + ah * bl + al * bh
                     + ((al * bl + 0x8000u) >> 16));
}
```

मधली बेरीज मुद्दाम `uint32_t` मध्ये आहे. चिन्ह असलेल्या पूर्णांकात ओव्हरफ्लो झाला तर सी काहीच हमी देत नाही. चिन्हविरहित संख्या मात्र ठरल्याप्रमाणे गुंडाळली जाते. `0x8000` मिळवल्याने शेवटचा तुकडा उतू जाईल का ही भीती होती. ६५,५३५ चा वर्ग ४,२९,४८,३६,२२५. त्यात ३२,७६८ मिळवले तरी ३२ बिटांची मर्यादा, ४,२९,४९,६७,२९५, ओलांडत नाही. थोडक्यात बसतं, पण नेहमी बसतं. उत्तर `Q16.16` च्या पल्ल्याबाहेर गेलं तर हे फंक्शन गप्प राहतं, ते तपासणारं वेगळं फंक्शन लिहायचं आहे.

बरोबर मधोमध आलेली संख्या अजूनही वरच्याच बाजूला जाते. १६ बिट सोडताना असा योग ६५,५३६ त एकदा येतो, त्यामुळे दखल घेण्याजोगं नाही. एक-दोनच बिट सोडायचे असते तर हेच राऊंडिंग पुन्हा एका बाजूला झुकलं असतं. हेडरमध्ये तशी सूचना लिहून ठेवली.

टेबलावरचा पाइप आता जागेवर उभा आहे. आकडा मागे जात नाही.

१९ जून

तरीही समाधान नव्हतं. २०० लिटरच्या ड्रमने खरी तुलना करायच्या आधी कागदावर हिशोब केला तर अजून एक चूक निघाली. ०.०१ चं `Q16.16` मध्ये खरं रूप ६५५.३६. आपण ६५५ वापरतो. ०.०५५ टक्का कमी, रोजच्या ४६ हजारांत २५ लिटर. राऊंडिंग कितीही सुधारलं तरी ही चूक जाणार नाही, कारण ती गुणाकाराच्या आधीच घुसलेली आहे.

`dt` ला जास्त अपूर्णांक बिट द्यायचे का, यावर लोकलमध्ये उभ्या उभ्या विचार करत होते. विक्रोळीच्या आसपास लक्षात आलं की हा गुणाकार मुळात करायचाच का? सगळे नमुने सारख्या अंतराने येतात. तर नुसता प्रवाह बेरजेला घ्यायचा आणि १०० ने भाग फक्त स्क्रीनवर दाखवताना द्यायचा.

```c
sum += flow;              /* int64_t, Q16.16 */
litres = sum / 100 / 65536;
```

वरची ओळ सेकंदाला १०० वेळा चालते आणि तिच्यात काहीच टाकलं जात नाही, ना राऊंडिंग ना स्थिरांक. खुद्द बेरीज दोन सूचनांचं काम, `ADDS` आणि `ADCS`. खालचा ६४ बिटांचा भागाकार एम० ला जड आहे, त्याला भागाकाराचं हार्डवेअरही नाही, पण तो सेकंदाला एकदाच लागतो. त्यात जे कापलं जातं ते फक्त दाखवण्यापुरतं, `sum` ला धक्का लागत नाही. पल्ला तर इतका मोठा आहे की या इमारतीचं पाणी त्याला भरू शकत नाही.

दोन दिवस घासून बसवलेला `q16_mul` जिथे सगळ्यात जास्त लागेल असं वाटलं होतं, तिथे तो लागलाच नाही. तो लायब्ररीत राहील, तापमानाच्या दुरुस्तीला हवाच आहे.

एक अट मात्र आहे: नमुने खरोखर सेकंदाला १०० च यायला हवेत. चिपच्या आतल्या ऑसिलेटरची चूक टक्क्याच्या घरात असते. त्यावर चालवलं तर वरचं सगळं झिजणं फुकट. म्हणून नवीन बोर्डवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आणि नमुना टायमरच्या इंटरप्टनेच. क्रिस्टल लॅमिंग्टन रोडवरून काकांनी आणले.

२१ जून

आता बेरजेच्या आधीचा टप्पा. सेन्सरचे काउंट गुणिले गेन म्हणजे प्रवाह. गेन छोटा, ०.०१२३ च्या आसपास. `Q16.16` मध्ये तो ८०६ होतो आणि ३२ पैकी बहुतेक बिट रिकामेच जातात. त्याला `Q2.30` दिलं. गुणाकारानंतर १४ बिट सोडायचे, आधी `1 << 13` मिळवून.

इथेही आधी अर्धी पायरी कापली जात होती. तिचा हिशोब मुद्दाम केला: दिवसाला ०.६६ लिटर. परवाच्या ६६ च्या बरोबर शंभरावा भाग. अर्धी पायरी तीच, पण परवा ती लिटरांमधली होती आणि सेकंदाला शंभरदा जात होती. इथे ती लिटर प्रति सेकंद मधली आहे, तिला नंतर शंभराने भागलं जातं. त्यामुळे हेडरमध्ये प्रत्येक फंक्शनपुढे "किती बिट सोडतो" इतकंच न लिहिता "कोणत्या एककात सोडतो" हेही लिहायला सुरुवात केली आहे.

२४ जून

टेबलावर शून्यापासून सुरू करून सतत वाचणारा चाचणीचा लूप लावला होता. मधूनच एखादं वाचन −६५५.३६ लिटर, पुढचं लगेच परत ०.०० च्या जवळ.

आकड्यानेच गुन्हेगार सांगितला. ६५५.३६ गुणिले १०० म्हणजे ६५,५३६, आणि त्याला ६५,५३६ ने गुणलं की २ चा ३२ वा घात. `sum` ६४ बिटांचा आहे, ३२ बिटांचा प्रोसेसर तो दोन तुकड्यांत वाचतो. एक तुकडा वाचून झाल्यावर मध्येच टायमरचा इंटरप्ट आला आणि त्याने `sum` ला शून्याच्या पलीकडे नेलं, तर वरचा तुकडा एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्या क्षणाचा. शून्याभोवती गोंगाट असल्याने सीमा वारंवार ओलांडली जात होती, म्हणून टेबलावर हे लवकर दिसलं. सोसायटीत कदाचित वर्षानुवर्षं दिसलं नसतं, आणि दिसलं असतं तेव्हा कोणालाच समजलं नसतं.

वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद:

```c
__disable_irq();
int64_t s = sum;
__enable_irq();
```

`sum` ला `volatile` आधीच होतं. त्याने हे थांबत नाही. `volatile` कंपायलरला वाचन गाळू देत नाही, पण दोन तुकडे एकत्र बांधूनही ठेवत नाही. लूप दिवसभर चालवला, एकही उडी नाही.

२८ जून

नवीन बोर्ड मुलुंडला लावून दोन दिवस झाले. पावसाची सर थांबेपर्यंत जिन्यात थांबावं लागलं, सेक्रेटरींनी चहा पाठवला.

कटऑफ अजून बंदच ठेवला आहे. वॉचमनदादांना सांगून व्हॉल्व्ह ठरल्या वेळी बंद करून घेतला. १२ ते ५ मध्ये आकडा ०.२ लिटरने पुढे गेला. हे कुठून आलं तेही तपासलं. गोंगाटाचं प्रमाण बघता दहा मिनिटांच्या सरासरीने शून्य लावलं की ते साधारण एका पायरीपर्यंतच पक्कं होतं, आणि एक पायरी म्हणजे पाच तासांत ०.२७ लिटर. म्हणजे उरलेलं सरकणं शून्य लावण्यातलं आहे, बेरजेतलं नाही. पुढच्या वेळी शून्याला दहा मिनिटांऐवजी रात्रभराची सरासरी घ्यायची.

सकाळी सेक्रेटरींनी स्वतः गच्चीवर एक नळ सोडला आणि आकडा हलताना बघितला. आता कटऑफ चढवायचा, आणि सोमवारपासून `q16_div`.